पाठ : नगावर कर की किमतीवर कर? स्वस्त आणि महाग वस्तूंवरचा भार कसा मोजावा

एका घरात दोन टी-शर्ट आले. एक रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेला साधा, दुसरा मोठ्या दुकानातला भारी. दोन्हींचे कापड परदेशातून आलेले आहे असे धरू. सरकारने दोन्हींवर आयातशुल्क घेतले. आता प्रश्न असा : जास्त कर कोणी भरला?

उत्तर पटकन सुचते, "ज्याने महाग घेतला त्याने." रुपयांत मोजले तर बहुधा ते बरोबर आहे. पण तुम्ही खर्च केलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे कर किती, असे मोजले तर उत्तर उलटे येऊ शकते. कर कसा लावला आहे, वजनावर की किमतीवर, यावर ते ठरते. हा हिशेब या पाठात आपण करू. त्यासाठी फक्त गुणाकार आणि भागाकार लागतो. शेवटी तोच हिशेब सोन्याच्या खरेदीला लावून पाहू, कारण बचत करणाऱ्या बहुतेक घरांचा त्याच्याशी थेट संबंध येतो.

दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत कर मापावर लागतो : किलोमागे इतके रुपये, लिटरमागे इतके, नगामागे इतके. वस्तूची किंमत काय आहे हे येथे विचारले जात नाही. याला विशिष्ट शुल्क म्हणतात. पेट्रोल-डिझेलवरचे केंद्राचे उत्पादन शुल्क असे प्रतिलिटर रुपयांत ठरते.

दुसऱ्या पद्धतीत कर किमतीवर टक्क्यांनी लागतो. वस्तू शंभराची असेल तर इतका, हजाराची असेल तर त्याच्या दहापट. याला मूल्यानुसार शुल्क म्हणतात. दुकानाच्या बिलावर दिसणारा जीएसटी बहुतेक वस्तूंवर असाच असतो.

फरक एका वाक्यात सांगायचा तर : टक्केवारीत स्वस्त आणि महाग दोन्ही वस्तूंचा शंभर रुपयांमागचा भार सारखा राहतो, मापावरच्या करात रुपये सारखे राहतात आणि शंभर रुपयांमागचा भार स्वस्त वस्तूवर जास्त पडतो.

खरे उदाहरण : होजिअरीचे कापड

टी-शर्ट, बनियन, लेगिंग अशा कपड्यांना लागणारे ताणले जाणारे कापड म्हणजे होजिअरीचे किंवा निटेड कापड. तमिळनाडूतील तिरुप्पूर आणि पंजाबातील लुधियाना ही आपल्याकडची त्याची मोठी केंद्रे. असे कापड परदेशातूनही येते.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कापडाच्या नऊ प्रकारांवरचे मूळ सीमाशुल्क बदलले. आधी ते प्रकारानुसार १० किंवा २० टक्के होते. नवा नियम असा झाला : २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते.

"जे जास्त असेल ते" हे शब्द नीट लक्षात ठेवा. एकाच नियमात दोन्ही पद्धती आहेत. कोणत्या कापडाला कोणती पद्धत लागू होईल हे त्या कापडाच्या किमतीवर ठरते. मूळ शुल्काखेरीजचे अधिभार आणि जीएसटी सध्या बाजूला ठेवू आणि चार किमती घेऊन हिशेब करू. या किमती समजण्यासाठी घेतल्या आहेत.

| कापडाची किंमत (किलोमागे) | २० टक्क्यांनी शुल्क | किलोवर शुल्क | प्रत्यक्ष शुल्क | शंभर रुपयांमागे भार |
|---|---|---|---|---|
| २०० रु. | ४० रु. | ११५ रु. | ११५ रु. | ५७.५० रु. |
| ३०० रु. | ६० रु. | ११५ रु. | ११५ रु. | ३८.३३ रु. |
| ५७५ रु. | ११५ रु. | ११५ रु. | ११५ रु. | २० रु. |
| ९०० रु. | १८० रु. | ११५ रु. | १८० रु. | २० रु. |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. दर कागदावर "२० टक्के" असला तरी २०० रुपये किलोच्या कापडावर तो प्रत्यक्षात साडेसत्तावन्न टक्के पडतो. ९०० रुपयांच्या कापडावर मात्र तो वीसच टक्के राहतो.

आता हा हिशेब टी-शर्टवर उतरवू. एका टी-शर्टला २०० ग्रॅम कापड लागते असे धरा. ३०० रुपये किलोचे कापड असेल तर २०० ग्रॅमची किंमत ६० रुपये, आणि त्यावर शुल्क २३ रुपये. ९०० रुपये किलोचे असेल तर कापड १८० रुपयांचे आणि शुल्क ३६ रुपये. भारी टी-शर्टवर तेरा रुपये जास्त कर बसला हे खरे. पण त्याचे कापड तिप्पट किमतीचे होते, आणि कर तिप्पट झाला नाही, दीडपटीच्या थोडा वरच गेला.

वळणाची किंमत कशी काढावी

तक्त्यातील ५७५ हा आकडा कुठून आला? किलोमागचे शुल्क ११५ आहे, टक्केवारी २० आहे. कोणत्या किमतीचे वीस टक्के बरोबर ११५ होतात, एवढेच शोधायचे :

११५ ÷ २० × १०० = ५७५

ही वळणाची किंमत. त्याच्या खालच्या प्रत्येक किमतीला मापावरचा कर लागतो आणि वस्तू जितकी स्वस्त तितका भार वाढत जातो. त्याच्या वरच्या प्रत्येक किमतीला टक्केवारी लागते आणि भार स्थिर राहतो. "टक्के किंवा रुपये, जे जास्त ते" असा कोणताही नियम दिसला की आधी हा भागाकार करा. आपली वस्तू वळणाच्या खाली आहे की वर, हे कळले की अर्धे काम झाले.

मग सरकार असा नियम का करते?

स्वस्त कापड घेणाऱ्याला मुद्दाम जास्त कर लावावा असा त्यामागे हेतू असतो असे नाही. टक्केवारीच्या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. कर किमतीवर असतो, आणि किंमत बिलावर लिहिलेली असते. बिलच खोटे असले तर करही कमी होतो.

समजा खरी किंमत ६०० रुपये किलो आहे, पण आयातदाराने बिल २०० रुपयांचे दाखवले. नुसती २० टक्क्यांची पद्धत असेल तर १२० ऐवजी ४० रुपये भरून माल सुटेल. किलोमागे ऐंशी रुपये वाचले. आता नवा नियम लावा. खरे बिल दाखवले तर १२० रुपये, खोटे दाखवले तर ११५ रुपये. लबाडी करून वाचले फक्त पाच रुपये. वजन काट्यावर मोजता येते, ते कागदावर कमी करता येत नाही. मापावरच्या कराची ताकद हीच आहे.

पण हा उपाय दोघांना सारखाच लागतो. ६०० चे कापड २०० चे दाखवणारा त्यात अडकतो, तसा खरोखरच २०० रुपयांचे साधे कापड आणणारा प्रामाणिक व्यापारीही अडकतो. त्यालाही किलोमागे ११५ रुपयेच भरावे लागतात, आणि ते पुढे स्वस्त कपड्याच्या किमतीत उतरू शकतात.

"उतरू शकतात" असे म्हटले, कारण दर वेळी पूर्ण भार ग्राहकावर येतोच असे नाही. देशातच विणलेल्या कापडावर आयातशुल्क नसते. तिरुप्पूरचे कापड त्याच दर्जाचे आणि स्वस्त मिळत असेल, तर कपडे शिवणारा आयात सोडून तिकडे वळेल. शुल्काचा एक हेतू तोही असतो. मात्र बाहेरचा माल महागला की देशी मालालाही भाव थोडा वाढवायला जागा मिळते. म्हणून तक्त्यातला आकडा म्हणजे सीमेवर लागलेला कर. तुमच्या खिशापर्यंत त्यातला किती पोचला हे बाजार ठरवतो.

काही ठिकाणी मापावरचा कर योग्यही असतो. सिगारेटवरील उत्पादन शुल्क हजार नगांमागे, सिगारेटच्या लांबीनुसार ठरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. स्वस्त सिगारेट तब्येतीला कमी अपाय करते असे नाही. म्हणून तेथे किमतीऐवजी नग मोजणे समजण्यासारखे आहे. कपड्यांचे तसे नाही. तेथे स्वस्त वस्तू घेणारा बहुधा कमी उत्पन्नाचा असतो.

आता सोने : टक्केवारी तुमच्या बचतीला कशी लागते

जानेवारी २०१२ पर्यंत सोन्यावरचे आयातशुल्क मापावर होते : दहा ग्रॅमला ३०० रुपये. २०१० च्या अर्थसंकल्पात ते २०० वरून ३०० केले होते. तेव्हा दहा ग्रॅम सोने सतरा हजारांच्या आसपास होते, म्हणजे भार शंभर रुपयांमागे सुमारे पावणेदोन रुपये. पुढच्या दोन वर्षांत सोने चढत गेले आणि २०१२ च्या सुरुवातीला सत्तावीस-अठ्ठावीस हजारांवर पोचले. शुल्क मात्र ३०० च राहिले. भार घटून शंभरामागे एक रुपयाच्या जरा वर आला. कोणी काही न बदलता, नुसत्या भाववाढीने कर हलका झाला. मापावरच्या कराचा हा दुसरा गुणधर्म : भाव वाढला की तो झिजतो, आणि भाव पडला की जड होतो.

जानेवारी २०१२ मध्ये सरकारने पद्धत बदलली आणि सोन्यावर दोन टक्के शुल्क केले. "दोन टक्के" ऐकायला किरकोळ वाटते. पण साडेसत्तावीस हजारांवर दोन टक्के म्हणजे ५५० रुपये. तीनशेचे साडेपाचशे झाले. शिवाय यापुढे सोने चढेल तसे शुल्कही आपोआप चढणार होते. पुढे टक्केवारीही वाढवली गेली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती दहावर पोचली.

बिल खोटे दाखवण्याचा प्रश्न सोन्यातही येतोच. त्यासाठी सरकार दर पंधरा दिवसांच्या सुमारास सोन्याचे शुल्कमूल्य डॉलरमध्ये जाहीर करते आणि टक्केवारी त्या मूल्यावर लावते, आयातदाराच्या बिलावर नाही. खाद्यतेलांसाठीही हीच सोय आहे. टक्केवारीचा कच्चा दुवा बंद करण्याचा हा दुसरा मार्ग. यात स्वस्त-महाग असा अन्याय होत नाही, पण तो जमतो फक्त अशा मालाला ज्याचा दर्जा एकसारखा असतो. चोवीस कॅरेटचे सोने कुठूनही आले तरी सारखेच. कापडाचे शेकडो प्रकार असतात, त्यांना एक मूल्य ठरवता येत नाही.

आता बचतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे एकूण आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले. समजा शुल्काआधी दहा ग्रॅमची किंमत ६०,००० रुपये आहे.

१५ टक्के शुल्क असताना : ६०,००० + ९,००० = ६९,०००
६ टक्के शुल्क असताना : ६०,००० + ३,६०० = ६३,६००

फरक ५,४०० रुपये. नवीन सोने घेणाऱ्याला ते तेवढे स्वस्त झाले. पण ज्याने आदल्या आठवड्यात घेतले, किंवा ज्याच्या कपाटात आधीपासून सोने आहे, त्याच्या सोन्याचा बाजारभावही तेवढाच खाली आला. जगातला भाव जागच्या जागी असताना, केवळ करामुळे. त्या दिवसांत देशातील सोन्याचा भाव दहा ग्रॅममागे काही हजारांनी उतरला तो याच कारणाने.

जुने ३०० रुपयांचे शुल्क पूर्ण रद्द झाले असते तरी भाव ३०० रुपयांनीच उतरला असता. मोठ्या टक्केवारीत तुमच्या सोन्याच्या किमतीचा एक मोठा भाग सरकारच्या निर्णयावर टांगलेला असतो. म्हणून घरच्या लग्नासाठी वर्षभरात सोने घ्यायचे ठरले असेल, तर सगळी रक्कम अर्थसंकल्पाच्या तोंडावर एकदम लावण्यापेक्षा थोडे थोडे घेतल्यास हा धोका विभागला जातो. शुल्क वाढण्याची शक्यताही तितकीच असते, त्यामुळे अंदाज बांधून थांबणे हाही जुगारच ठरतो.

सराफाच्या दुकानात हाच हिशेब

दागिन्याची मजुरी, म्हणजे घडणावळ, हा कर नाही. पण ती याच दोन पद्धतींनी लावली जाते : ग्रॅममागे ठरावीक रुपये, किंवा सोन्याच्या किमतीवर टक्के. कोणती तुम्हाला परवडेल ते वळणाची किंमत काढून कळते.

समजा एका ठिकाणी ग्रॅमला ५०० रुपये मजुरी आहे आणि दुसरीकडे १० टक्के. वळणाची किंमत :

५०० ÷ १० × १०० = ५,००० रुपये ग्रॅम

सोन्याचा त्या दिवशीचा दर यापेक्षा जास्त असेल तर ग्रॅमवरची मजुरी स्वस्त पडेल. दर ९,००० असेल तर दहा टक्के म्हणजे ग्रॅमला ९०० रुपये होतात. कारागिराचे काम तेवढेच, पण मजुरी सोन्याबरोबर वाढली. आठ ग्रॅमच्या साखळीवर हा फरक ३,२०० रुपयांचा होतो. दागिना मोडताना मजुरी परत मिळत नाही, म्हणून हा फरक कायमचा गेला असे समजा.

हलक्या दागिन्यात मात्र एक अडथळा असतो. काही दुकानांत "कमीत कमी इतकी मजुरी" असा नियम असतो. एक ग्रॅमच्या अंगठीवर दहा टक्क्यांनी ९०० रुपये होत असतील, पण किमान मजुरी १,५०० असेल, तर तुम्ही १,५०० भरता. म्हणजे दहा टक्के ऐकून घेतलेल्या अंगठीवर प्रत्यक्ष साडेसोळा टक्क्यांच्या वर मजुरी पडली. हा कापडाचाच नियम आहे : टक्के किंवा रुपये, जे जास्त ते. आणि भार पुन्हा लहान खरेदी करणाऱ्यावर जास्त. म्हणून बिल बनवण्याआधी सराफाला दोन प्रश्न विचारा : मजुरी ग्रॅमवर की टक्क्यांवर, आणि किमान मजुरी आहे का?

लक्षात ठेवण्याजोगे

- कर किती, हे रुपयांत पाहा आणि शंभर रुपयांमागेही पाहा. दोन्ही उत्तरे वेगळी असू शकतात.
- मापावरचा कर स्वस्त वस्तूवर जड, भाववाढीत हलका.
- टक्केवारीचा कर स्वस्त-महागावर सारखा, पण भावाबरोबर वाढतो आणि बिलाच्या खरेपणावर अवलंबून असतो.
- "जे जास्त ते" दिसले की वळणाची किंमत काढा : रुपये ÷ टक्के × १००.

स्वतः करून पाहा

१. समजा छत्रीवर २० टक्के किंवा नगामागे ६० रुपये, जे जास्त ते, असे शुल्क आहे. १२० रुपयांच्या आणि ४०० रुपयांच्या छत्रीवर शुल्क किती? शंभर रुपयांमागे भार किती?

२. मजुरी ग्रॅमला ६०० रुपये किंवा १२ टक्के, असे दोन पर्याय दोन दुकानांत आहेत. सोन्याचा दर ग्रॅमला ८,००० रुपये आहे. चार ग्रॅमच्या दागिन्यावर कोणते दुकान किती स्वस्त?

३. एका वस्तूवर नगामागे ३० रुपये शुल्क आहे. वस्तूची किंमत ३०० वरून ६०० झाली. शंभर रुपयांमागचा भार किती बदलला?

उत्तरे :
१. वळणाची किंमत ३०० रुपये. १२० च्या छत्रीवर ६० रुपये, म्हणजे शंभरामागे ५०. ४०० च्या छत्रीवर ८० रुपये, म्हणजे शंभरामागे २०.
२. ग्रॅमवर मजुरी घेणारे दुकान. तेथे २,४०० रुपये, टक्क्यांच्या दुकानात ३,८४० रुपये. बचत १,४४० रुपये.
३. शंभरामागे १० रुपयांवरून ५ रुपये, म्हणजे निम्मा.